कर्ज सारखंच, पण ओझं वेगळं: दोन फाउंड्र्यांच्या ताळेबंदावरून

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या ओळखीचे एक पॅटर्न करणारे मिस्त्री आहेत. लाकडाचे आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न, कोअर बॉक्स, हेच काम तीस वर्षं. फाउंड्रीवाला ड्रॉइंग देतो, मिस्त्री पॅटर्न करून देतात, फाउंड्री त्यावर साचे भरते आणि कास्टिंग ओतते. पैसे मात्र उधारीवर. गेल्या दिवाळीआधी ते दोन ताळेबंद घेऊन माझ्याकडे आले. दोन्ही गिऱ्हाईकं प्रायव्हेट लिमिटेड, एक शिरोली एमआयडीसीतलं, दुसरं कागलच्या पंचतारांकित वसाहतीतलं. भाच्यानं कंपनी मंत्रालयाच्या साइटवर थोडी फी भरून दोघांचे कागद उतरवून घेतले होते.

"साहेब, दोघंबी मोठी ऑर्डर द्यायला तयार हाईत," मिस्त्री म्हणाले. "वर्षाला चाळीस कोटीचा धंदा दोघांचा. कर्जबी सारखंच, बारा-बारा कोटी. मग उधारी कुणाची वाढवायची?"

मी बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य काढलं, त्यामुळे हा प्रश्न मला ओळखीचा होता. बँकही हेच विचारते, फक्त तिच्याकडे तारण असतं. मिस्त्रींकडे तारण नाही, म्हणून त्यांनी ताळेबंद जास्त बारकाईनं वाचायला हवा. त्या दुपारी आम्ही कागदावर जे मांडलं, तेच इथं देतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत आणि कंपन्यांची ओळख लपवली आहे. शिरोलीचीला 'शिरोली' म्हणू, कागलचीला 'कागल'.

पहिलं गुणोत्तर सगळ्यांना ऐकून माहीत असतं: डेट-इक्विटी रेशो. धंद्यात लावलेल्या पैशात उसना पैसा किती आणि मालकांचा स्वतःचा किती, एवढंच ते सांगतं. मालकांचा पैसा म्हणजे भागभांडवल आणि आजवर नफ्यातून मागं ठेवलेला राखीव निधी. उसना पैसा म्हणजे मुदतीचं कर्ज, बँकेची सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, आणि इतर कुणाकडून व्याजानं घेतलेली रक्कम. ताळेबंदात हे कर्ज दोन ठिकाणी विखुरलेलं असतं. दीर्घ मुदतीचं वर, आणि सीसी व येत्या वर्षात फेडायचे हप्ते खाली चालू देण्यांमध्ये. नवखा माणूस वरचाच आकडा धरतो आणि अर्धं कर्ज त्याच्या नजरेतून सुटतं. दोन्ही जागा बघायच्या.

दोन्ही कंपन्यांचं कर्ज १२ कोटी, मालकांचा पैसा १० कोटी. बाराला दहानं भागलं की १.२. म्हणजे मालकाच्या प्रत्येक रुपयामागं एक रुपया वीस पैसे उसने. कारखानदारीत बँका साधारण दोनच्या आत असलं की फारशी कुरकुर करत नाहीत. हा काही कायदा नाही, व्यवहारातला अंदाज आहे, पण १.२ ऐकून कुणाची झोप उडत नाही. त्या दृष्टीनं मिस्त्रींचं म्हणणं बरोबर होतं: दोघंही सारखे.

पण हा आकडा कशासाठी बघायचा? तोटा झाला तर तो आधी मालकाच्या दहा कोटींतून जातो. ते संपल्यावर सावकाराच्या पैशाला हात लागतो. म्हणून मालकाचा पैसा म्हणजे इतरांच्या पैशापुढं उभी असलेली भिंत. डेट-इक्विटी रेशो त्या भिंतीची जाडी मोजतो. ती भिंत खरोखर विटांची आहे का, हे मात्र त्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी ताळेबंदाला जोडलेल्या खुलाशांच्या नोट्स उघडाव्या लागतात.

शिरोलीच्या कर्जाची नोट उघडली तर बारा कोटींत दोन कोटी घरच्यांचे होते. मालकाचे भाऊ, वडील, पत्नी यांनी कंपनीला दिलेलं विनातारण कर्ज. कोल्हापुरातल्या कुटुंबाच्या कारखान्यांत हे सर्रास दिसतं. घरचा पैसा भांडवल म्हणून न घालता कर्ज म्हणून घालतात, कारण लागलं तर परत काढणं सोपं जातं. पण बँकेनं इथं लेखी हमी घेतलेली होती: बँकेचं कर्ज फिटेपर्यंत ही रक्कम कंपनीतून काढायची नाही. अशी हमी असली की ते दोन कोटी कागदावर कर्ज असले तरी वागायला भांडवलासारखे असतात. कारखाना अडचणीत आला तर हे सावकार दारात उभे राहणार नाहीत, कारण ते घरातच बसलेले आहेत. बँकेतले लोक अशी रक्कम कर्जातून काढून मालकांच्या पैशात मिळवतात. मग कर्ज १० कोटी, मालकांचे १२ कोटी, आणि गुणोत्तर ०.८३.

एक सावधगिरी इथंच सांगतो. लेखी हमी नसेल तर असा हिशेब करू नये. मंदी आली की घरच्यांचा पैसा सगळ्यात आधी निघून गेल्याची प्रकरणं मी हाताळलेली आहेत. बँकेला कळायच्या आत विनातारण कर्जाचा आकडा तीन कोटींवरून पन्नास लाखांवर आलेला असायचा.

आता कागल. तिच्या राखीव निधीची नोट उघडली तर दहा कोटींतले तीन कोटी 'पुनर्मूल्यांकन राखीव' या नावाखाली होते. म्हणजे काय झालं? एमआयडीसीतला प्लॉट आणि शेड पूर्वी घेतलेली. भाव वाढले, मूल्यांककानं नवी किंमत काढली, मालमत्तेचा आकडा तीन कोटींनी वाढवला आणि तेवढेच तीन कोटी मालकांच्या बाजूला लिहिले. लेखा नियमांना हे मान्य आहे, यात लबाडी नाही. पण कंपनीत एक रुपयाही आला नाही. फाउंड्री चालू असेपर्यंत तो प्लॉट विकता येणार नाही, आणि तो विकायची वेळ आली तर घाईत तीच किंमत मिळेल याची खात्री नाही. म्हणून कर्ज देणारे हे तीन कोटी बाजूला काढतात. उरतात सात. बाराला सातानं भागलं की १.७१.

सुरुवातीला दोघांचा रेशो १.२ होता. दोन नोट्स वाचल्यावर एकाचा ०.८३, दुसऱ्याचा १.७१. एकीची भिंत दिसते त्यापेक्षा जाड निघाली, दुसरीची पातळ.

मिस्त्री थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "पण कागलवाल्याकडं नवी मोल्डिंग लाइन हाय. नवी फर्नेस. त्यो जास्त कमवंल की."

रास्त मुद्दा. कर्ज किती आहे यापेक्षा ते पेलणारी कमाई किती आहे हे महत्त्वाचं. त्यासाठी दुसरं गुणोत्तर आहे, इंटरेस्ट कव्हरेज. व्याज द्यायच्या आधीची कमाई, भागिले व्याज. उत्तर म्हणजे कमाईतून वर्षाचं व्याज किती वेळा देता येईल. तीन आलं तर तीन वेळा. एक आलं तर सगळी कमाई व्याजात संपते आणि मालकाच्या हाती शून्य. एकाच्या खाली आलं तर धंदा स्वतःच्या कमाईतून व्याजही भागवू शकत नाही.

हे गुणोत्तर स्वतःच काढायला शिकावं. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्ये २०२१ साली बदल झाला, तेव्हापासून कंपन्यांना डेट-इक्विटीसह अकरा गुणोत्तरं नोट्समध्ये छापावी लागतात. एखादं गुणोत्तर गेल्या वर्षीपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर कारणही द्यावं लागतं. ते कारण जरूर वाचावं, कंपनीला नाइलाजानं लिहावं लागलेलं ते वाक्य बरंच काही सांगतं. पण त्या अकरांत इंटरेस्ट कव्हरेज नाही. ते काढायची पद्धत सोपी आहे. नफा-तोटा पत्रकात 'करपूर्व नफा' घ्यायचा, त्यात 'वित्त खर्च' परत मिळवायचा, आणि एकदाच झालेली कमाई, जसं जुनं मशीन किंवा जागा विकून झालेला फायदा, वजा करायची. हे झालं वर. खाली वित्त खर्च.

शिरोलीचा करपूर्व नफा २ कोटी ४० लाख. वित्त खर्च १ कोटी २० लाख. मिळून ३ कोटी ६० लाख. कव्हरेज ३.

कागलचा करपूर्व नफा ८० लाख. वित्त खर्च तोच, १ कोटी २० लाख. मिळून २ कोटी. कव्हरेज १.६७.

विक्री सारखी, कर्ज सारखं, व्याजाचा दर सारखा, आणि तरी एवढा फरक का? फरक घसाऱ्यात होता, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी दरवर्षी खर्चात धरायच्या रकमेत. शिरोलीची यंत्रं जुनी, वर्षाचा घसारा १ कोटी ४० लाख. कागलची लाइन नवी आणि महाग, घसारा ३ कोटी. नवी लाइन पूर्ण क्षमतेनं चालली असती तर विक्रीही चाळीसवरून साठ कोटींकडं गेली असती आणि हा घसारा सहज पचला असता. पण यंत्रं साठ कोटींची आणि ऑर्डरी चाळीस कोटींच्या, अशी कागलची स्थिती होती.

कव्हरेज किती असलं म्हणजे बरं? तीनच्या वर असेल तर मी निवांत असायचो, दीडच्या खाली गेलं की फाइल वेगळी काढायचो. पण या अंदाजांपेक्षा एक प्रश्न मला जास्त उपयोगी वाटतो: विक्री किती पडली तर कव्हरेज एकावर येईल? त्याचं उत्तर काढायला कंपनीचा खर्च दोन भागांत वाटावा लागतो. पिग आयर्न, स्क्रॅप, वितळवण्याची वीज, वाळू, बाइंडर हे विक्रीबरोबर कमी-जास्त होतात. पगार, देखभाल, विमा, घसारा हे कास्टिंग ओता अगर न ओता, लागतातच.

दोन्ही फाउंड्र्यांत पहिल्या प्रकारचा खर्च विक्रीच्या साधारण ७० टक्के होता. म्हणजे शंभर रुपयांची विक्री कमी झाली तर सत्तर रुपये खर्च वाचतो आणि तीस रुपये कमाई जाते. चाळीस कोटींवर दहा टक्के घट म्हणजे चार कोटींची विक्री गेली, आणि त्याचे तीस टक्के म्हणजे १ कोटी २० लाखांची कमाई गेली. नेमकं एका वर्षाच्या व्याजाएवढं.

आता बघा. दहा टक्के घट झाल्यावर शिरोलीची कमाई ३.६ वरून २.४ कोटी, कव्हरेज २. कागलची २ वरून ८० लाख, कव्हरेज ०.६७. वीस टक्के घट झाली तर शिरोली बरोबर १ वर, आणि कागल ४० लाखांच्या तोट्यात, तोही व्याज धरायच्या आधी. शिरोलीला विक्रीत वीस टक्क्यांपर्यंतची घट सोसते. कागलला साडेसहा टक्क्यांच्या पुढं सोसत नाही.

ट्रक आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग ओतणाऱ्या गावाला वीस टक्के घट ही कल्पनेतली गोष्ट नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अवजड वाहनांना एका एक्सलवर जास्त भार न्यायला परवानगी दिली. जुनाच ट्रक जास्त माल नेऊ लागला, मग नवा कशाला घ्यायचा? त्यात १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचे नवे बीएस-६ निकष येणार हे ठरलेलं होतं आणि बाजारात एकूणच मंदी. २०१९-२० मध्ये अवजड ट्रकची विक्री जोरात कोसळली. ट्रकवाला थांबला की ब्रेक ड्रम, हब आणि हाउसिंग ओतणारी फर्नेसही थांबते. त्या वर्षी ज्यांच्या फाइली आमच्याकडं अडल्या, त्यांतल्या अनेकांचा डेट-इक्विटी रेशो आदल्या मार्चमध्ये अगदी सभ्य होता. कव्हरेज मात्र आधीपासूनच दोनच्या खाली रेंगाळत होतं.

विक्री न पडताही कव्हरेज खाली येऊ शकतं, दर वाढला की. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. लहान आणि मध्यम उद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जं तोवर रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली होती, त्यामुळे वाढ थेट हप्त्यात आली. बारा कोटींवर अडीच टक्के म्हणजे वर्षाला तीस लाख जादा. व्याज दीड कोटी झालं की शिरोलीचं कव्हरेज ३ वरून २.४ आणि कागलचं १.६७ वरून १.३३. डेट-इक्विटी रेशो मात्र त्या दिवशी तसूभरही हलत नाही, कारण त्याला व्याजाचा दर माहीतच नसतो.

कागलच्या मालकाला हे कव्हरेज दाखवलं असतं तर त्यानं काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे, कारण असे मालक आणि त्यांचे सल्लागार समोर बसलेले मी अनेकदा ऐकलेत. "साहेब, घसारा म्हणजे काय खिशातून जाणारा पैसा आहे का? तो मिळवून हिशेब करा." केला, तर खरंच दोघांची बरोबरी होते. शिरोलीचे ३.६ अधिक १.४ म्हणजे ५ कोटी. कागलचे २ अधिक ३ म्हणजे तेही ५ कोटी. व्याजाच्या चौपटीहून जास्त, दोघांचंही. शेअर बाजाराच्या सादरीकरणांत कव्हरेज म्हणून बहुतेक वेळा हाच मोठा आकडा दाखवलेला असतो.

त्या युक्तिवादात अर्धं खरं आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. घसारा त्या वर्षी खरोखर खिशातून जात नाही. म्हणूनच कव्हरेज एकाखाली गेलं की कंपनी दुसऱ्या दिवशी हप्ता चुकवते असं होत नाही. ती घसाऱ्याच्या पैशातून व्याज भरत राहते. पण घसाऱ्याचा पैसा दोन कामांसाठी राखलेला असतो. एक, झिजलेलं यंत्र बदलायला. फाउंड्रीत वाळू आणि वितळलेलं लोखंड यंत्रांना फार लवकर खातं, हे मिस्त्रींना माझ्यापेक्षा जास्त माहीत. दुसरं, त्याच यंत्रासाठी घेतलेल्या कर्जाचं मुद्दल फेडायला. व्याज भागलं म्हणजे कर्ज भागलं असं नाही, हप्त्यात मुद्दलही असतं.

इथं दोघांच्या कर्जाची घडण बघावी लागते. शिरोलीचे बारा कोटी म्हणजे ६ कोटी सीसी, २ कोटी घरचे आणि ४ कोटी मुदत कर्ज, त्याचं वर्षाचं मुद्दल १ कोटी. कागलचे बारा कोटी म्हणजे ३ कोटी सीसी आणि ९ कोटी मुदत कर्ज, वर्षाचं मुद्दल १ कोटी ८० लाख. सीसीला हप्ता नसतो, ती माल आणि येणी यांच्यावर फिरत राहते. मुदत कर्ज दरमहा पैसे मागतं.

विक्री वीस टक्क्यांनी पडली असं धरून हातातली रोकड मोजू. शिरोली: कमाई १.२ अधिक घसारा १.४, हातात २ कोटी ६० लाख. कागल: उणे ०.४ अधिक ३, हातात तेवढेच २ कोटी ६० लाख. शिरोलीला द्यायचं व्याज १.२ आणि मुद्दल १, एकूण २ कोटी २० लाख. चाळीस लाख उरतात. कागलला व्याज १.२ आणि मुद्दल १.८, एकूण ३ कोटी. चाळीस लाख कमी पडतात. नफाच नाही म्हणून कराचा प्रश्न येत नाही.

"मग हे चाळीस लाख कुठनं आणणार त्यो?" मिस्त्रींनी विचारलं.

माझ्या मते सगळ्या हिशेबातला हाच खरा प्रश्न. बँकेचा हप्ता नव्वद दिवसांच्या पुढं थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक ठरतं. त्याच्या आधीच, तीस आणि साठ दिवसांच्या टप्प्यांवर बँक त्यावर खुणा करायला लागते आणि ती माहिती इतर बँकांनाही दिसते. त्यामुळे मालक बँकेला शक्यतो थांबवत नाही. थांबवतो कुणाला? स्क्रॅपवाल्याला, वाळूवाल्याला, पॅटर्नवाल्याला. ते चाळीस लाख बाहेरून येत नाहीत, ते मिस्त्रींसारख्यांच्या बिलातून येतात.

त्याचा पुरावा ताळेबंदातच होता. डेट-इक्विटी रेशोत पुरवठादारांची देणी धरत नाहीत, कारण त्यावर व्याज नसतं. पण ते देणंच आहे. दोन्ही कंपन्यांची वर्षाची खरेदी साधारण २४ कोटींची. शिरोलीची पुरवठादारांची देणी ४ कोटी, म्हणजे साठ-एकसष्ट दिवसांची. कागलची ८ कोटी, म्हणजे एकशे बावीस दिवसांची. कागलची सीसी फक्त तीन कोटी दिसत होती आणि मिस्त्रींना तेच कौतुकाचं वाटलं होतं. बँकेकडून कमी घेतलं होतं, कारण बाकीचं खेळतं भांडवल पुरवठादारांनी पुरवलं होतं, तेही फुकट. म्हणून बँकेतले लोक डेट-इक्विटीच्या बरोबरीनं सगळी बाहेरची देणी भागिले मालकांचा खरा पैसा असाही आकडा काढतात. शिरोलीत तो घरचे दोन कोटी इकडून तिकडं केल्यावर १.१७ येतो. कागलमध्ये वीस कोटी भागिले सात, २.८६.

"माझं बिल कागलवाला चार महिन्यानं देतोय," मिस्त्री म्हणाले. "मला वाटलं मलाच असं करतोय."

कागलबद्दल आणखी एक गोष्ट भाच्याच्या नजरेस आली. आदल्या वर्षी तिचं कव्हरेज ३.५ होतं. मग एका वर्षात ते १.६७ वर कसं आलं? धंदा एवढा कोसळला नव्हता. झालं असं की आदल्या वर्षी नवी लाइन उभी राहत होती. यंत्र उभं राहून उत्पादन सुरू होईपर्यंतचं त्याच्या कर्जावरचं व्याज लेखा नियमांप्रमाणे खर्चात न धरता यंत्राच्या किमतीत मिळवतात. त्या वर्षी नफा-तोटा पत्रकात व्याज ६० लाख दिसत होतं आणि व्याजाआधीची कमाई २ कोटी १० लाख, म्हणून साडेतीन. स्थिर मालमत्तेच्या नोटमध्ये मात्र आणखी ५० लाख व्याज यंत्रात मिळवल्याची ओळ होती. बँकेला रोख द्यायचं व्याज होतं १ कोटी १० लाख. त्यानं भागलं तर १.९. विस्तार करणाऱ्या कंपनीचं कव्हरेज चांगलं दिसलं की ही ओळ मी आधी शोधतो. यंत्र चालू झालं की ते लपलेलं व्याज पुढच्या वर्षी पत्रकात येतं, आणि लोकांना वाटतं अचानक काहीतरी बिघडलं.

ताळेबंद ३१ मार्च या एकाच दिवसाचा असतो, ही दुसरी अडचण. आपल्याकडं साखर कारखान्यांत ती अगदी उठून दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू होतं, ऊस आल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे असा ऊस नियंत्रण आदेशाचा नियम, आणि साखर मात्र पुढं वर्षभर हळूहळू विकायची. त्यामुळे मार्चअखेर गोदामं साखरेनं भरलेली आणि त्या साखरेच्या तारणावर उचललेलं कर्ज जवळजवळ शिगेला. त्या दिवसाचा डेट-इक्विटी रेशो कारखान्याच्या वर्षभराच्या सरासरीपेक्षा बराच वाईट दिसतो. तो कारखाना सप्टेंबरात बघितला तर वेगळाच वाटेल.

फाउंड्रीत उलटं घडू शकतं. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात येणी जोर लावून वसूल करायची, खरेदी एप्रिलवर ढकलायची, आलेला पैसा सीसीत भरायचा. ३१ तारखेला कर्ज हलकं दिसतं, मे महिन्यात ते पुन्हा होतं तिथं. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. वर्षाचं व्याज भागिले वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या कर्जाची सरासरी. माझ्यासमोरच्या एका प्रकरणात दोन्ही मार्चअखेरीस कर्ज ८ कोटींच्या आसपास आणि वित्त खर्च १ कोटी ४० लाख होता. म्हणजे साडेसतरा टक्के. बँकेचा दर होता अकराच्या आत. वित्त खर्चात बँकेचे शुल्क, एलसीचं कमिशन वगैरे धरलेलं असतं, म्हणून एक-दोन टक्के फरक चालतो. सहा-सात टक्के चालत नाही. सरळ अर्थ असा की वर्षभर कर्ज बारा-तेरा कोटींच्या घरात फिरत होतं, किंवा कुठून तरी फार महाग पैसा उचलला होता. कर्जाचा आकडा एका दिवसापुरता खाली आणता येतो. व्याज तीनशे पासष्ट दिवसांचं लागतं, ते लपत नाही. म्हणून ही दोन गुणोत्तरं मी कधी सुटी वाचत नाही, एकातला आकडा दुसऱ्याशी ताडून बघतो.

हे सगळं कारखानदारीसाठी. बँक किंवा फायनान्स कंपनी यांना ही फूटपट्टी लावू नये. पैसा हाच त्यांचा कच्चा माल, पाच-सहापट कर्ज तिथं नेहमीचं असतं आणि व्याज हा त्यांचा मुख्य खर्चच. त्यांना मोजायची मापं वेगळी.

शिरोलीतही सगळं गोड होतं असं नाही. तिची अर्धी उसनवारी सीसीवर, आणि सीसी बँक दरवर्षी नव्यानं मंजूर करते. एखादं मोठं गिऱ्हाईक तीन महिन्यांच्या पुढं थकलं तर बँक ती येणी हिशेबातून काढून टाकते आणि उचल तेवढी कमी होते. निम्म्याहून जास्त माल एकाच ट्रॅक्टर कंपनीला जात होता. हे दोन्ही रेशोत कुठंच दिसत नाही. मी मिस्त्रींना एवढंच म्हटलं, त्या ट्रॅक्टर कंपनीच्या ऑर्डरीवर कान ठेवा, तुमच्याकडं नवे पॅटर्न यायचे थांबले की तुम्हाला बँकेच्या आधी कळेल.

मिस्त्रींनी शेवटी शिरोलीला साठ दिवसांची उधारी वाढवून दिली. कागलचं काम सोडलं नाही, माणूस सचोटीचा आहे आणि लाइन भरली तर कव्हरेज दोन वर्षांत सुधारेलही. पण अट घातली: ऑर्डरीबरोबर निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली पॅटर्न ताब्यात देताना. भाच्यानं त्यांची उद्यम नोंदणी तपासून प्रत्येक बिलावर तिचा नंबर छापायला सुरुवात केली. कारण सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च गिऱ्हाइकाला आयकरात वजावट म्हणून मिळत नाही. हे समजल्यावर शिरोलीचे साठ दिवसही पंचेचाळीसवर आणले. कागलचा मालक आगाऊ रकमेवरून थोडा नाराज झाला. मिस्त्रींनी त्याला कागदावरचे दोन आकडे दाखवले, एकशे बावीस दिवस आणि १.६७. त्यानं चेक लिहिला.